ढोल-ताशाच्या ठेक्यावर रील कट करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती जवळ आले की मंडळातली, पथकातली पोरंपोरी साधारण हेच प्रश्न पाठवतात, म्हणून सगळे एका जागी घेतलेत. उदाहरणं सगळी आगमन मिरवणुकीच्या रीलची आहेत, पण दहीहंडी किंवा नवरात्राच्या गाण्यालाही बहुतेक सगळं तसंच लागू होतं. अ‍ॅप कुठलंही असू दे, व्हीएन, इनशॉट, काइनमास्टर नाहीतर लॅपटॉपवर दाविंची रिझॉल्व्ह, तत्त्व एकच आहे.

१. बीटवर कट म्हणजे प्रत्येक ठोक्याला क्लिप बदलायची का?

नाही, आणि नवीन एडिटिंग करणाऱ्यांचं सगळ्यात जास्त इथेच फसतं. प्रत्येक ठोक्याला चित्र बदललं की पाचेक सेकंदांत डोळ्यांना सवय होते आणि मग कुठलाच कट जाणवत नाही. ठेक्यात सगळे ठोके सारखे नसतात, आवर्तनाची पहिली मात्रा म्हणजे सम, ती वजनदार असते, बाकीच्या तिच्याकडे नेणाऱ्या असतात. त्यामुळे मोठा बदल, म्हणजे जागा बदलली, वाइडवरून क्लोजअपला आलात, नवीन माणूस दिसला, तो समेवर. मधल्या मात्रांवर काही बदललं नाही तरी चालतं.

दुसरं म्हणजे ठोक्यावर कटच पडला पाहिजे असं नाही. क्लिपच्या आतली हालचालही ठोक्यावर पडू शकते, ढोलावर टिपरू आपटणं, गुलाल उधळला जाणं, ध्वज वर जाऊन क्षणभर थांबणं. मला तर हेच जास्त आवडतं, कारण ते बघताना एडिटिंग केलंय असं वाटत नाही, माणसंच तालात आहेत असं वाटतं. ते कसं जमवायचं ते प्रश्न ७ मध्ये.

२. कानाला ठेका कळतो पण टाइमलाइनवर सगळी नुसती दाट पट्टी दिसते, बीट शोधू कुठे?

ती दाट पट्टी ताशाची आहे. ताशाच्या काड्या इतक्या भरभर पडतात की वेव्हफॉर्ममध्ये सलग केसाळ पट्टी दिसते आणि ढोलाचे ठोके तिच्याखाली लपतात. पट्टी उभी मोठी करा आणि आडवी झूम करा, मग ढोल पडतो तिथे पट्टी एकदम जाड होताना दिसेल, ती जाडी जिथे सुरू होते तो बीट. सगळ्यात उंच टोक पकडू नका, चढ सुरू होतो ती जागा पकडा, कारण कानाला ठोका तिथेच लागतो.

तरीही दिसत नसेल तर लॅपटॉपवर गाण्याची फक्त खालचा आवाज ठेवलेली एक कॉपी काढा. त्यात ताशा आणि गायकाचा आवाज जवळपास निघून जातो आणि ढोलाचे ठोके वेगवेगळ्या गाठींसारखे दिसतात:

```
ffmpeg -i gana.mp3 -af lowpass=f=120 dhol.wav
```

ही कॉपी टाइमलाइनवर मूळ गाण्याच्या बरोबर खाली ठेवा, मार्कर लावून झाले की म्यूट करा. आरतीला उलट करायचं, ढोलाऐवजी टाळ पकडायचे, त्यांचा आवाज वरचा आणि टोकदार असतो, म्हणून `lowpass=f=120` च्या जागी `highpass=f=4000` घाला.

३. मार्कर हाताने टाकू की अ‍ॅपला आपोआप बीट शोधू देऊ?

स्टुडिओत प्रोग्रॅम केलेलं गाणं असेल तर आपोआप शोधलेले बीट बऱ्यापैकी बरोबर येतात. ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगवर मात्र अ‍ॅप गोंधळतं, ताशाची प्रत्येक काडी बीट समजतं आणि दोन सेकंदांत वीस मार्कर टाकून ठेवतं, त्यापेक्षा हाताने टाकलेले बरे. व्हीएनमध्ये गाण्याच्या ट्रॅकवर टॅप केलं की बीट्सचा पर्याय येतो, गाणं चालू ठेवून ठेक्यावर टॅप करत जायचं. रिझॉल्व्हमध्ये गाण्याची क्लिप सिलेक्ट करा, प्ले करा आणि `M` दाबत जा, म्हणजे मार्कर क्लिपलाच चिकटतो आणि पुढे गाणं सरकवलं तरी सोबत सरकतो.

एक पथ्य मात्र कडक पाळा, मार्कर टाकताना ब्लूटूथचे इअरबड्स काढून ठेवा. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो, सेकंदाचा दहावा भाग ते कधी पाव सेकंद, म्हणजे तुम्ही अगदी बरोबर टॅप केलंत तरी मार्कर तीन ते सात फ्रेम पुढे पडतो. सगळे मार्कर एकाच दिशेने, सारख्याच अंतराने चुकलेले दिसले तर कारण बहुतेक हेच असतं, आणि मग सगळे एकत्र मागे सरकवले की काम होतं. काही पुढे काही मागे असे विस्कटलेले असतील तर ती बोटाची चूक, प्रत्येक मार्कर झूम करून चढाच्या सुरुवातीला बसवावा लागतो.

४. बीपीएम माहीत असेल तर नुसत्या हिशेबाने कट लावता येतील का?

येतील, गाण्याचा वेग एकसारखा असेल तर. एका मात्रेला किती फ्रेम हे काढायला ६० ला फ्रेम रेटने गुणा आणि बीपीएमने भागा. ३० फ्रेमच्या टाइमलाइनवर १२० बीपीएम म्हणजे बरोबर १५ फ्रेम, ९० बीपीएम म्हणजे २० फ्रेम, छान पूर्ण आकडे.

आता डीजेच्या गाण्यात बऱ्याचदा १२८ असतं, त्याला उत्तर येतं १४.०६२५. लोक सरळ १४ धरतात आणि प्रत्येक क्लिप १४ फ्रेमची करून एकाला एक चिकटवत जातात. पहिले दहा कट झकास बसतात, पण ६० मात्रांनंतर जवळजवळ ४ फ्रेमची तफावत साठलेली असते आणि शेवटचे कट ठोक्याच्या आधीच पडायला लागतात. म्हणून क्लिपची लांबी मोजून पुढे जायचं नाही, प्रत्येक कट गाण्यावरच्या मार्करला चिकटवायचा. मग एखादी क्लिप १४ ची होईल, एखादी १५ ची, काही बिघडत नाही, चूक साठत नाही हे महत्त्वाचं. आणि टाइमलाइनचा फ्रेम रेट पहिली क्लिप टाकायच्या आधीच ठरवून टाका, मध्येच बदलला तर सगळे कट पुन्हा बघावे लागतात.

५. ३० सेकंदांची एक रील पूर्ण मांडून दाखवाल का, किती क्लिप, कुठे कट?

गाणं १२० बीपीएम, चार मात्रांचं आवर्तन धरू. म्हणजे मात्रा अर्ध्या सेकंदाची, आवर्तन २ सेकंदांचं, आणि ३० सेकंदांत १५ आवर्तनं.

पहिली चार आवर्तनं सुरुवातीचे शब्द आहेत, ढोल अजून आलेला नाही. इथे दोनच क्लिप, चार-चार सेकंदांच्या. एक रिकाम्या रस्त्याची किंवा झाकलेल्या मूर्तीच्या ट्रकची, दुसरी पथक रांगेत उभं राहतंय, कमरेला ढोल बांधतंय अशी. हात शिवशिवतील कट मारायला, पण थांबा. पुढच्या आवर्तनाच्या समेवर ढोल पडतो, तिथे पहिला जोरदार कट, पूर्ण पथक समोरून. मग चार आवर्तनं दर समेवर एक कट, म्हणजे दोन-दोन सेकंदांच्या चार क्लिप. त्यापुढची चार आवर्तनं दर दोन मात्रांना, एकेक सेकंदाच्या आठ. तेराव्या आवर्तनात प्रत्येक मात्रेला कट, अर्ध्या सेकंदाच्या चार क्लिप, आणि चौदाव्याच्या समेवर मूर्तीचा चेहरा येतो तो शेवटपर्यंत ४ सेकंद हलवायचा नाही. झाल्या एकूण १९ क्लिप.

अर्ध्या सेकंदाच्या जागी काय टाकता हे बघा. हात, टिपरू, झांज, घामेजलेला चेहरा असं एका नजरेत कळणारंच तिथे चालतं. गर्दीचा वाइड शॉट अर्ध्या सेकंदात डोळ्यांना वाचताच येत नाही, त्याला निदान दीड-दोन सेकंद द्या. आणि मुखदर्शनाच्या शॉटवर मध्ये कट मारू नका, लोक सगळी रील त्याच्यासाठी बघतात, तिथे ठेका चालू राहू दे आणि चित्र शांत राहू दे.

६. झूम करून अगदी बीटवर कट लावला तरी बघताना उशिरा वाटतो, असं का?

कट एक ते दोन फ्रेम आधी घ्या, बरोबर वाटेल. डोळ्यांना नवीन चित्र ओळखायला थोडा वेळ लागतो, कानाला ठोका त्यामानाने लगेच कळतो, त्यामुळे नेमक्या ठोक्यावर आलेलं चित्र मागे पडल्यासारखं वाटतं. शिवाय आपली रोजची सवयही अशीच, लांबचा फटाका आधी दिसतो आणि मग ऐकू येतो, आवाज चित्राच्या मागून आला तर खटकत नाही, चित्र आवाजाच्या मागून आलं की लगेच खटकतं. टीव्ही प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीतही हा फरक आहे, आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद पुढे गेला की लोकांना कळतं, पण मागे राहिला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. ३० फ्रेमच्या टाइमलाइनवर हे म्हणजे एका बाजूला जेमतेम दीड फ्रेम आणि दुसऱ्या बाजूला पावणेचार. तेव्हा चुकायचंच तर कट लवकर पडू दे, उशिरा नको.

हे कटसाठी. टिपरू आपटण्यासारखी हालचाल असेल तर ती बरोबर ठोक्याच्या फ्रेमवर ठेवा, कारण टिपरू खाली येताना दिसतच असतं, डोळा आधीच तयार असतो.

७. क्लिपमध्ये वादक ढोल वाजवतोय पण त्याचा हात गाण्याशी जुळत नाही, कसं जुळवू?

क्लिपची जागा आणि लांबी तीच ठेवून आतला भाग पुढे-मागे सरकवायचा, लॅपटॉपवर याला स्लिप म्हणतात, फोनवर क्लिपची सुरुवात वेगळ्या फ्रेमवरून घेऊन तेच साधता येतं. समजा कट समेवर आहे आणि टिपरू पुढच्या मात्रेला पडायला हवं. १२० बीपीएमला मात्रा १५ फ्रेमची, मग क्लिपमध्ये टिपरू ढोलाला टेकतं ती फ्रेम शोधा आणि तिच्या १५ फ्रेम आधीपासून क्लिप सुरू करा.

एक ठोका असा बसतो. दोन-तीन ठोके सलग दिसत असतील तर वेगही जुळवावा लागतो. मिरवणुकीत पथक १०० च्या वेगाने वाजवत होतं, म्हणजे दोन ठोक्यांत १८ फ्रेम, आणि तुमचं गाणं १२० चं आहे, १५ फ्रेमचं. १८ भागिले १५ म्हणजे क्लिपचा वेग १२० टक्के करा, सगळे ठोके एकदम जुळतात. एवढा बदल डोळ्यांना कळत नाही, पण १४० च्या पुढे गेलात की माणसं जुन्या मूकपटातल्यासारखी टुणटुण उडायला लागतात. ६० फ्रेमने शूट केलं असेल तर अर्ध्या वेगातही चित्र गुळगुळीत राहतं, मग तोच ठोका दोन मात्रांवर पसरवता येतो.

हे करताना क्लिपच्या स्वतःच्या आवाजावर विसंबू नका, चित्रच बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तुम्ही ३० मीटर लांबून शूट केलं असेल तर त्या क्लिपमधला आवाज चित्राच्या जवळजवळ ३ फ्रेम मागे रेकॉर्ड झालेला असतो.

८. आरतीचं किंवा लाइव्ह पथकाचं रेकॉर्डिंग आहे, सुरुवातीला मार्कर बसतात आणि पुढे सगळं घसरतं. काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही, वेगच बदलतोय. माणसं एकत्र वाजवतात तेव्हा वेग वाढतोच, आरती शेवटाकडे चढते आणि पथक तर मुद्दाम चढवतं. त्यामुळे बीपीएमचा हिशेब (प्रश्न ४) इथे सोडून द्या. प्रत्येक मात्रेला मार्कर टाकायचीही गरज नाही, फक्त समेवर टाका, किंवा आरतीत प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाळीवर. मधल्या मात्रेवर कट हवाच असेल तर दोन समांमधलं तेवढंच अंतर वाटून घ्या. मार्करमधली अंतरं हळूहळू कमी होत जाताना दिसतील आणि तुमच्या क्लिपही आपोआप छोट्या होतील, म्हणजे प्रश्न ५ मध्ये जी चढण आपण बेतून आणली ती इथे वादकच तुम्हाला आणून देतात. वेग सरळ करायला गाणं ताणू-आखडू नका, आवाज कोरडा होतो आणि मजा जाते.

९. कोळीगीतावर चार-चार मात्रांनी कट करतोय तर दर वेळी वेगळ्याच जागी पडतो, असं का होतं?

कारण तो ठेका बहुतेक चाराचा नाहीच. बऱ्याच कोळीगीतांची चाल दादऱ्याच्या अंगाची असते, सहा मात्रा, तीन अधिक तीन. चाराचा कट सहाच्या ठेक्यावर टाकला की पहिला समेवर पडतो, दुसरा पाचव्या मात्रेवर, तिसरा तिसऱ्या मात्रेवर, आणि चौथा पुन्हा समेवर, म्हणून कधी बरोबर वाटतं कधी चूक. गाण्यावर मनात एक-दोन-तीन मोजून बघा, झुलल्यासारखं वाटलं तर सहाचा ठेका आहे, एक-दोन-तीन-चार म्हणताना पावलं नीट पडली तर चाराचा किंवा आठाचा. सहाच्या ठेक्यात कट दर सहा मात्रांना, घाई हवी असेल तर दर तीन मात्रांना.

१०. तिहाई आली किंवा ढोल अचानक थांबला तर तिथे काय दाखवायचं?

रीलमधली सगळ्यात भारी जागा हीच, वाया घालवू नका. तिहाईत तोच तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्याचा शेवट समेवर पडतो. तीन वेळा तीच कृती, पण प्रत्येक वेळी जास्त जवळून दाखवा, ध्वज नाचवणारी मुलगी लांबून, मग मध्यावर, मग फक्त तिचे हात, आणि समेवर वेगळंच मोठं चित्र. इथे कट तुकड्याच्या सुरुवातीला घ्यायचा, तुकड्यातल्या प्रत्येक ठोक्याला नाही.

ढोल थांबतो तिथे मात्र कट करू नका. आवाज बंद झाल्यावर चित्रही बदललं तर दोन्ही धक्के एकमेकांना मारतात. शांततेत तेच चित्र धरून ठेवा, हवेत उचललेलं टिपरू असलं तर फारच छान, आणि ढोल परत पडेल त्या ठोक्यावर कट.

११. ट्रान्झिशन आणि फ्लॅश वापरू का, आणि वापरले तर बीट नक्की कुठे यायला हवा?

ढोलाला साधा कटच शोभतो, ठोका टोकदार असतो आणि विरघळणारं ट्रान्झिशन बोथट. सुरुवातीच्या संथ ओळींवर क्रॉसफेड चालतो, तिथे बीट ट्रान्झिशनच्या बरोबर मध्यावर ठेवा. बरीच अ‍ॅप्स ट्रान्झिशन लावलं की दोन्ही क्लिप एकमेकींवर सरकवतात आणि पुढचे सगळे कट तेवढे मागे येतात, म्हणून ट्रान्झिशन लावल्यावर पुढचा एक कट मार्करवर आहे ना ते लगेच बघा.

पांढरा फ्लॅश दोन फ्रेमचा पुरे आणि तोही समेवरच. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त फ्लॅश अजिबात नको, झगमगाटाने फिट येऊ शकणाऱ्या लोकांसाठी ते खरंच धोक्याचं असतं आणि वेबच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या नियमांतही हीच मर्यादा आहे. १२० बीपीएमला प्रत्येक मात्रेवर फ्लॅश म्हणजे सेकंदाला दोन, अर्ध्या मात्रेवर टाकलात की चार झाले.

१२. फोनवर क्लिप बरोबर होती, लॅपटॉपवर आणली की हळूहळू सरकते. फाइल खराब आहे का?

फाइल ठीक असते. फोन प्रकाशानुसार फ्रेम रेट कमी-जास्त करत असतो, रात्रीच्या मिरवणुकीत जास्तच, आणि लॅपटॉपवरची सॉफ्टवेअर्स तो एकसारखा धरून चालतात. छोट्या क्लिपला फरक पडत नाही, पण पाच मिनिटांची सलग क्लिप असेल तर शेवटी आवाज आणि चित्र वेगळं झालेलं दिसतं. एडिटला घेण्याआधी एकसारखा करून घ्या:

```
ffmpeg -i mirvanuk.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a copy mirvanuk30.mp4
```

१३. एडिट परफेक्ट होतं, इंस्टाग्रामवर तिथलंच गाणं लावलं आणि सगळे कट हलले. आता?

तिथली गाण्याची सुरुवात आणि तुमच्या फाइलची सुरुवात एकच नसते, एमपीथ्री फाइलला तर पुढे बारीकशी रिकामी जागाही असते. उपाय सोपा आहे. रील गाण्यासकट एक्स्पोर्ट करा, इंस्टाग्रामवर तेच गाणं वरून लावा आणि दोन्ही आवाज चालू ठेवून ऐका. ठोका दोनदा ऐकू आला तर गाणं अजून मागे-पुढे आहे, सरकवत जा, दोन्ही ठोके एक होऊन आवाज भरीव झाला की जुळलं, मग मूळ आवाज शून्यावर. गाण्याची आवृत्ती तीच घ्या, रीमिक्स किंवा वेगळ्या गायकाची असली तर वेगच वेगळा, ते जुळणारच नाही. मंडळाचं बिझनेस अकाउंट असेल तर बरीच गाणी तिथे मिळत नाहीत, तेव्हा एडिट सुरू करायच्या आधीच गाणं त्या अकाउंटवर आहे का बघा. पथकाचं स्वतःचं रेकॉर्डिंग त्यांना विचारून वापरलं तर हा प्रश्नच येत नाही.

१४. हेडफोनवर जबरदस्त वाटतं, मित्राच्या फोनवर कट ठेक्याबाहेर वाटतात. असं कसं?

फोनच्या छोट्या स्पीकरवर ढोलाचा खालचा घुमार जवळजवळ ऐकूच येत नाही. तुम्ही हेडफोनवर त्या घुमाराच्या अंगाने कट लावलेत आणि मित्राला मात्र ताशा, टोल आणि टिपरूचा टक् एवढंच ऐकू येतंय. घुमार टक् नंतर फुगतो, म्हणून त्याच्या फुगवट्यावर लावलेले कट फोनवर उशिरा पडतात. सगळे कट टक् च्या जागी आणा, वेव्हफॉर्ममध्ये चढाची पहिली रेघ ती हीच (प्रश्न २), आणि मग प्रश्न ६ प्रमाणे एक-दोन फ्रेम आधी. पोस्ट करण्याआधी एकदा फोनच्या स्पीकरवर, आवाज अर्धा ठेवून, नुसत्या ताशावर बोट वाजवत बघा, जिथे बोट आणि चित्र वेगळं पडेल तो कट उघडून दुरुस्त करा.